मोठ्या खात्यांच्या पोस्टखाली कमेंट: थकीत बिलांचं काम करणाऱ्या खान्देशातल्या विधी सल्लागारासाठी

जळगावच्या एमआयडीसीतला चटई किंवा पाइप बनवणारा कारखानदार कायद्याच्या पोस्ट शोधत बसत नाही. तो आपल्या सीएचं पान, उद्योजक संघटनेचं पान, व्यापारविषयक बातम्या देणारं एखादं मोठं खातं बघतो. 'एमएसएमईचे पैसे 45 दिवसांत' अशी पोस्ट तिथे आली की ती वाचून तो खाली कमेंटमध्ये उतरतो, कारण त्याची स्वतःची अडचण पोस्टमध्ये नसते. इंदूरच्या पार्टीने बिल चार महिने लटकवलंय, करार नाही, फक्त डिलिव्हरी चलन आहे, मग काय? कमेंटमध्ये कोणीतरी हेच विचारलेलं असतं आणि त्याखाली बहुतेक वेळा उत्तर नसतं. विधी सल्लागाराने पोहोचायचं ते या रिकाम्या जागेत. पोस्ट टाकणाऱ्याचं लक्ष वेधणं हा दुय्यम फायदा आहे. खरा वाचक तो, जो काही न लिहिता वाचतो आणि नाव लक्षात ठेवतो.

हा लेख एकाच विषयाभोवती आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची अडकलेली बिलं. कौटुंबिक वाद किंवा फौजदारी प्रकरणांचं गणित वेगळं असतं. तिथे माणूस उघड्यावर विचारतच नाही. थकीत बिल मात्र लोक नावानिशी विचारतात, कारण त्यात लाज नसते, संताप असतो.

आधी मर्यादा: काय लिहायचं नाही

सनद घेतलेल्या वकिलाला बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 लागू आहे. जाहिरात करून किंवा काम मागून पक्षकार मिळवायला तो मनाई करतो. प्रत्यक्षही नाही आणि अप्रत्यक्षही नाही. त्यात परिपत्रकं, जाहिराती आणि दलाल यांच्याबरोबर वैयक्तिक संदेशांचाही उल्लेख आहे. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायला परवानगी मिळाली. त्यापलीकडे फारशी मोकळीक नाही. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन काम मिळवण्याच्या प्रकारांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि कारवाईच्या सूचना दिल्या. गैरवर्तन ठरलं तर अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली समज देण्यापासून सनद निलंबित किंवा रद्द करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

'मी वकील नाही, कन्सल्टंट आहे' म्हणून यातून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या ए. के. बालाजी प्रकरणात स्पष्ट केलं की वकिलीचा व्यवसाय म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे. कायदेशीर मत देणं, दस्त तयार करणं हेही त्यातच येतं. सनद नसेल तर नावापुढे वकील असल्याचा भास होईल असं काही लावू नका आणि कमेंटमध्ये कायदेशीर मत न देता नोंदणी, कागदपत्रं, अर्जाची पद्धत यावर बोला. सीएस किंवा सीए असाल तर तुमच्या संस्थेची आचारसंहिता वेगळी आहे, ती आधी वाचून घ्या.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. माहिती द्यायची, बोलावणं द्यायचं नाही. 'संपर्क करा', 'इनबॉक्समध्ये या', 'आम्ही इतक्या केसेस जिंकल्या', 'पहिला सल्ला मोफत' यातलं एकही वाक्य कमेंटमध्ये नको. फोन नंबर नको, फी नको. सर्वात महत्त्वाचं म्हणजे कमेंट करणाऱ्या माणसाला आपणहून मेसेज करू नका. कमेंट सगळ्यांसाठी असते. मेसेज एका माणसाकडे काम मागायला जातो, आणि नियमातला वैयक्तिक संदेश म्हणजे नेमका तोच. त्याने स्वतः लिहिलं तर उत्तर द्या. या एका शिस्तीवर बाकी सगळं उभं आहे.

प्रोफाइल: नावाखालची एक ओळ

लिंक्डइनवर कमेंट दिसते तेव्हा नावाखाली तुमच्या हेडलाइनचे पहिले काही शब्दच दिसतात. पूर्ण हेडलाइन 220 अक्षरांची असू शकते, पण मोबाइलवर सुरुवातीपुढचं कापलं जातं. म्हणून सुरुवातीलाच गाव आणि काम यावं: 'अ‍ॅडव्होकेट, जळगाव. व्यापारी करार, थकीत बिले'. 'तज्ज्ञ', 'नंबर वन', 'वसुलीची हमी' हे शब्द काढून टाका. नियम 36 पाटीवर किंवा कागदावर 'अमुक कामात विशेष' असं मिरवायला मनाई करतो. त्यामुळे विशेषज्ञ न म्हणता फक्त कामाचं क्षेत्र लिहिणं सुरक्षित.

गावाचं नाव वगळू नका. धुळ्याच्या माणसाला मुंबईच्या सल्लागारापेक्षा जळगावचा जवळचा वाटतो, कारण कागद घेऊन एसटीने जाऊन येता येतं. फेसबुकवर कमेंट करताना पेजऐवजी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोने करा. पेजची कमेंट लोकांना जाहिरात वाटते.

खाती कोणती निवडायची

बारा ते पंधरा खाती पुरतात. त्याहून जास्त झाली की वाचणं थांबतं आणि फक्त लिहिणं उरतं.

निवडताना फॉलोअर किती ते नंतर बघा, आधी शेवटच्या दहा पोस्टखालच्या कमेंट वाचा. तिथे कारखानदार, दालमिलवाले, जिनिंगवाले, जॉबवर्क करणारे प्रश्न विचारताहेत का? की सगळे सीए आणि वकीलच एकमेकांना शाबासकी देताहेत? लाखभर फॉलोअर असलेल्या कायद्याच्या खात्याखाली तुमची कमेंट वकीलच वाचणार. आठ हजार फॉलोअरच्या जिल्हा उद्योजक संघटनेच्या पानाखाली ती बिल अडकलेला माणूस वाचेल.

यादी साधारण अशी बसते: जळगाव, धुळे, नाशिकचे नियमित लिहिणारे तीन-चार सीए, जिल्ह्यातल्या उद्योजक आणि व्यापारी संघटनांची पानं, मराठीत व्यवसायावर बोलणारी दोन-तीन मोठी चॅनेल्स, केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाचं खातं, आणि सुरत, इंदूरकडच्या व्यापाऱ्यांची एक-दोन खाती, कारण खान्देशचा बराच माल तिकडे जातो. लिंक्डइनवर त्या प्रोफाइलवरची घंटा दाबून ठेवली की नवी पोस्ट आली की सूचना येते. सीए मंडळींशी नीट वागा. कारखानदाराचा पहिला फोन त्यांनाच जातो आणि 'हे माझं काम नाही, वकील बघा' हेही तेच सांगतात.

पोस्ट वाचताना गाळलेली अट शोधा

चांगली कमेंट पोस्टमध्ये सुटलेल्या अटीवर उभी राहते. मोठी खाती सोपं करून लिहितात, त्यांना ते भाग आहे, आणि त्यात अटी गळतात. थकीत बिलांच्या पोस्टमध्ये त्याच चार-पाच अटी पुन्हा पुन्हा गळतात. त्या पाठ असतील तर कमेंट पाच मिनिटांत लिहून होते.

पहिली, 45 दिवस हा सरसकट आकडा नाही. एमएसएमईडी कायदा 2006 च्या कलम 15 नुसार लेखी करार असेल तर ठरलेली तारीख पाळायची, पण ती माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. बाजारात बहुतेक व्यवहार तोंडी होतात, म्हणजे बहुतेकांना 15 दिवसच लागू, आणि हे कारखानदाराला माहीत नसतं.

दुसरी, हा हक्क उत्पादन करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म, लघु उद्योगांना आहे. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती. तूर फोडणारा दालमिलवाला यात येतो. तयार डाळ विकत घेऊन पुढे विकणारा येत नाही. रावेर-यावलचा केळी उत्पादक शेतकरी व्यापाऱ्याकडून पैसे अडकल्याची तक्रार कमेंटमध्ये घेऊन येतो, तेव्हा त्याला एमएसएमईचा रस्ता दाखवणं ही दिशाभूल ठरते.

तिसरी, आयकराची. 43बी(एच) हे कलम 1 एप्रिल 2024 पासून अमलात आलं. मुदतीत पैसे न दिलेला खर्च त्या वर्षी वजा होत नाही, तो प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी वजा होतो. पोस्टमध्ये लिहिलेलं असतं, '45 दिवस उलटले की खर्च गेला.' जूनचं बिल फेब्रुवारीत दिलं, तर आर्थिक वर्ष एकच असल्याने वजावट त्याच वर्षी मिळते. म्हणून या कलमाचा दाब खरेदीदाराला जाणवतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऑगस्टमध्ये नाही. आणखी एक सावधगिरी: 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर अधिनियम 2025 लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. कमेंटमध्ये क्रमांक लिहिण्याआधी कोणत्या वर्षाबद्दल बोलणं चाललंय ते पाहा.

चौथी, कौन्सिल कुठली? कलम 18 खालचा अर्ज पुरवठादार जिथे आहे तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येतो, खरेदीदार देशात कुठेही असो. इंदूर-सुरतच्या पार्टीमागे धावणाऱ्या माणसासाठी ही सगळ्यात उपयोगाची ओळ आहे आणि पोस्टमध्ये ती क्वचितच असते.

पाचवी अट अशी, की तिच्यावर छातीठोक उत्तर देऊ नये: उद्यम नोंदणी व्यवहारानंतर केली असेल तर? सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका सुरात नाहीत आणि जानेवारी 2025 मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. कोणी विचारलं तर हेच लिहा: मुद्दा वादाचा आहे, नोंदणीची आणि पुरवठ्याची तारीख पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही.

एक कमेंट, पहिल्या खर्ड्यापासून

समजा, नाशिकच्या एका सीएच्या खात्यावर पोस्ट आली: 'खरेदीदारांनो सावध! एमएसएमईला 45 दिवसांत पैसे न दिल्यास खर्च नामंजूर.' खाली चाळीस कमेंट. त्यातली एक: 'भाऊ, आमना पैसा कव्हय येतीन? पार्टी म्हणते 90 दिवसांचा रिवाज आहे.'

बरेच सल्लागार इथे लिहितात: 'छान माहिती सर. अशा प्रकरणांत योग्य कायदेशीर सल्ला घेणे आवश्यक आहे. अधिक माहितीसाठी संपर्क करा.' यात वाचकाला काही मिळत नाही आणि शेवटची ओळ थेट नियम 36 वर बोट ठेवायला जागा देते.

दुसरा प्रकार वाचायला विद्वत्तापूर्ण वाटतो, पण फुकट जातो: कलम 15, 16, 17, 18, 19, 23, 24 आणि तीन निकालांची नावं. लिंक्डइनची कमेंट 1250 अक्षरांपर्यंत जाते आणि देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्याने जागा भराभर संपते. शिवाय मोबाइलवर पहिल्या काही ओळीच दिसतात. उरलेलं उघडून वाचायला लागतं आणि माणूस ते उघडत नाही.

उपयोगी पडेल अशी कमेंट अशी:

'यात पुरवठादाराच्या बाजूने एक भर. खरेदीदाराचा खर्च 45 दिवस उलटले म्हणून लगेच जात नाही. त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर वजावट मिळते. पुरवठादाराचा व्याजाचा हक्क मात्र आयकरावर अवलंबून नाही. एमएसएमईडी कायद्याच्या कलम 16 नुसार मुदत संपल्यापासून बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. '90 दिवसांचा रिवाज' इथे चालत नाही: लेखी करार असला तरी 45 दिवस, नसला तर 15. हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी, व्यापाऱ्यांसाठी नाही.'

एवढंच. पहिल्या वाक्यात पोस्टवाल्याचा मान राखला, त्याला खोटं न पाडता अट जोडली. मधे 90 दिवसांच्या प्रश्नाला उत्तर आलं, पण त्या माणसाचं नाव घेतलं नाही, त्यामुळे ते सगळ्यांसाठीची माहिती राहतं. शेवटी मर्यादा सांगितली. ही शेवटची ओळ काढली तर कमेंट जास्त 'दमदार' दिसेल, पण एखादा व्यापारी चुकीच्या आशेने कागद गोळा करील.

आकडा द्यायचा असेल तर एकच द्या आणि तो आधी कागदावर पडताळून घ्या. 10 जूनला चार लाखांचा माल पोहोचला, खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही. अशा वेळी माल पोहोचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. करारात 90 दिवस लिहिलेले असले तरी मुदत 25 जुलैला संपते. करार नसता तर 25 जूनला. बँक रेट 5.5 टक्के धरला तर तिप्पट म्हणजे 16.5 टक्के, आणि पहिल्या महिन्याचं व्याज 5,500 रुपये. बँक रेट बदलत राहतो, म्हणून 'रिझर्व्ह बँकेचा त्या काळातला रेट पाहून' हे शब्द जोडल्याशिवाय आकडा टाकू नका. रेपो रेटची तिप्पट करणारे बरेच दिसतात. कायद्यात बँक रेट आहे.

भाषेचं म्हणाल तर माणूस ज्या भाषेत विचारतो तिच्या जवळ राहा. त्याने अहिराणीत विचारलं आणि तुम्हाला ती येत असेल तर उत्तराची सुरुवात अहिराणीत करायला हरकत नाही. मुदत, व्याज, कलम यांची वाक्यं मात्र प्रमाण मराठीत ठेवा, कारण तो माणूस तीच ओळ स्क्रीनशॉट काढून सीएला दाखवणार आहे.

कधी आणि किती

पोस्ट आल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत लिहिलेली कमेंट जास्त लोकांसमोर राहते, एवढं खरं. पण घाईत चुकीचं कलम लिहिण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी बरोबर लिहिलेलं चांगलं, विशेषतः कोणी प्रश्न विचारून तो अनुत्तरित राहिला असेल तर. त्या माणसाला तुमच्या उत्तराची सूचना जातेच. आठवड्याला चार ते पाच कमेंट भरपूर झाल्या. त्यातल्या दोन तरी कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर म्हणून असाव्यात, वरच्या पोस्टला नव्हे.

या विषयाचे हंगाम ठरलेले आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षअखेर असते. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये कंपन्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 45 दिवसांवरच्या थकबाकीचं सहामाही विवरण भरावं लागतं, 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबर या तारखा आहेत. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प. या काळात सीए मंडळी रोज लिहितात. जून-जुलैत या विषयावर शांतता असते, तेव्हा जुन्या पोस्ट उकरून कमेंट करत बसू नका.

उत्तरं येतात तेव्हा

खरं काम इथे असतं आणि चुकाही इथेच होतात.

कोणी तुमच्या कमेंटखाली लिहितो: 'साहेब, आमचे सहा लाख अडकलेत, अमुक कंपनी, माल थोडा खराब निघाला होता पण त्यांनी वापरला.' या एका वाक्याने त्याने स्वतःची बाजू कमजोर केली. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही म्हणून माल स्वीकारला असं म्हणता आलं असतं. आता खरेदीदाराच्या वकिलाला मालाच्या दर्जाबद्दलची कबुली आयती मिळाली. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली संरक्षण आहे, पण चारचौघांसमोर लिहिलेल्या कमेंटला नाही. पहिलं उत्तर एवढंच असावं: 'भाऊ, कंपनीचं नाव आणि मालाचा तपशील इथे लिहू नका, ही कमेंट काढून टाका. समोरची पार्टीही हे वाचते.' त्यानंतर सर्वसाधारण माहिती: कोणते कागद शोधून ठेवायचे. खरेदीची ऑर्डर, बिल, पोचपावतीसह चलन, ई-वे बिल, उद्यम प्रमाणपत्र, खात्याचा उतारा आणि पार्टीने थकबाकी मान्य केलेला एखादा ईमेल किंवा मेसेज.

कमेंट काढायला लावणारा सल्लागार त्या माणसाच्या आणि वाचणाऱ्या पन्नास जणांच्या लक्षात राहतो.

तो माणूस मग मेसेज करतो. इथे आधी हकीकत ऐकू नका, आधी समोरच्या पार्टीचं नाव विचारा. खान्देशात उद्योग एकमेकांना खेटून आहेत. एकाच एमआयडीसीत पुरवठादार आणि खरेदीदार दोघंही तुमच्याकडे येऊ शकतात. एकाची गुपितं ऐकून झाल्यावर दुसऱ्याचं काम घेता येत नाही, आणि बहुधा पहिल्याचंही अवघड होतं. नाव विचारून, हितसंबंधांची आडकाठी नाही हे बघून मगच कागद मागवा.

'पैसे आले तर टक्के देईन' हा प्रस्ताव थकीत बिलांत हमखास येतो. वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियम 20 तसं सांगतो. हे मेसेजमध्येच शांतपणे सांगा, कमेंटमध्ये फीवर एक शब्दही नको.

पोस्टवालाच चुकला असेल तर

मोठ्या खात्याने चूक केली की ती उघड करायचा मोह होतो. मुद्दा किरकोळ असेल, उदाहरणार्थ कलमाचा क्रमांक, तर त्यांना मेसेज करून कळवा. सहव्यावसायिकाला चूक कळवणं म्हणजे काम मागणं नव्हे. लोकांचं नुकसान होईल असा मुद्दा असेल, जसं व्यापाऱ्यालाही कलम 15 लागू आहे असं लिहिलेलं, तर कमेंटमध्येच लिहा, पण 'चूक' हा शब्द टाळून. '2021 च्या आदेशानुसार व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती आहे, त्यामुळे त्यांना हा हक्क मिळण्यात अडचण येते' इतकं पुरतं. पोस्टवाला ते दुरुस्त करून तुमचा उल्लेख करतो किंवा गप्प राहतो. वाद घालायला लागला तर एकदा उत्तर द्या आणि थांबा. दुसऱ्या उत्तरापासून वाचणारे विषय सोडून भांडण बघतात.

प्रलंबित प्रकरणांवर, न्यायाधीशांवर, कौन्सिलच्या एखाद्या आदेशावर टोमणा मारणारी कमेंट करू नका, पोस्टवाल्याने सुरुवात केली असली तरी.

चाललंय की नाही, कसं कळणार

लाइक मोजून काही कळत नाही, लाइक बहुतेक सहव्यावसायिकांचे असतात. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने ठेवा: तारीख, खातं, कोणत्या प्रश्नावर लिहिलं, कोणी उलट प्रश्न विचारला आणि तो उद्योजक होता का. कोणी फोन केला तर 'नाव कुठे पाहिलं' हे विचारून सहाव्या रकान्यात लिहा. आठ आठवड्यांनी यादी पाहा. ज्या खात्याखाली एकाही उद्योजकाने काही विचारलं नाही ते काढा आणि त्याजागी दुसरं घ्या.

पहिल्या दोन महिन्यांत पक्षकार आला नाही तर ते साहजिक आहे. थकीत बिलाचा माणूस पार्टीशी संबंध तुटेपर्यंत वकिलाकडे जात नाही, आणि तोपर्यंत महिने जातात. उलट प्रश्न येत असतील पण सगळे फुकट उत्तर घेऊन जात असतील, तर बहुधा तुम्ही कमेंटमध्ये सर्वसाधारण माहितीपलीकडे जाऊन एकेकाचं प्रकरण सोडवत आहात. हिशोबाची पद्धत सांगा, त्याच्या बिलाचा हिशोब करून देऊ नका. आणि प्रश्न फक्त वकिलांकडून येत असतील तर तुमची भाषा कलमांनी भरली आहे. शेवटच्या दहा कमेंट काढून त्यातली कलमं मोजा. एका कमेंटला दोनपेक्षा जास्त भरली तर पुढच्या आठवड्यात एकच लिहून बघा.